उसन्या चेहऱ्याचा दाणा

इचलकरंजीच्या मयूर फोटो स्टुडिओत अनिल बोंद्रे सतराव्या वर्षी कामाला लागला, तेव्हा त्याच्या हातात कॅमेरा आला नाही, शिसपेन्सिल आली. निगेटिव्ह काचेच्या चौकटीवर ठेवायची, खालून दिवा, डोळ्याला भिंग, आणि नवऱ्या मुलीच्या डोळ्याखालचं काळं वर्तुळ पेन्सिलीच्या बारीक बारीक टिंबांनी भरून काढायचं. निगेटिव्हवर गडद केलं की कागदावर उजळ येतं. टिंब फोटोच्या दाण्यापेक्षा मोठं पडलं तर डाग दिसायचा, आणि फार गुळगुळीत भरलं तर तेवढीच जागा मेणासारखी चमकायची. मालक म्हणायचे, "हात लागलाय हे दिसलं तर काम वाया."

बायकोच्या, सुमेधाच्या नोकरीमुळे तो व्हर्जिनियात आला. ती अ‍ॅशबर्नमध्ये डेटा सेंटरच्या कंपनीत इंजिनियर. अनिलच्या व्हिसावर दहा वर्षं नोकरी करायला परवानगीच नव्हती. त्या दहा वर्षांत त्याने मुलगी वाढवली, पोळ्या गोल करायला शिकला आणि घरच्या कॉम्प्युटरवर चित्रावर चित्र बेमालूम बसवायचं शास्त्र स्वतःच शिकला. ग्रीन कार्ड हातात पडलं तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. हर्नडनमधल्या एका लहानशा पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओने त्याला घेतलं. कंपन्यांच्या जाहिरातींतून वायरी पुसणं, आकाश बदलणं, साहेबांच्या कपाळावरचा घाम काढणं, असली कामं. आठ-नऊ वर्षांत तो तिथला सगळ्यात भरवशाचा माणूस झाला. 'अनिलकडे द्या' म्हटलं की विषय संपला, असं तिथे झालं होतं.

अनिका पहिल्यांदा आली ती एका मंगळवारी सकाळी, हातात हार्ड डिस्क घेऊन. तिशीची, इथेच जन्मलेली, डॉक्युमेंटरी करणारी. मराठी मोडकंतोडकं, पण बोलायची हौस.

"अनिलकाका, माझ्या फिल्ममध्ये पाच बायका आहेत. घरकाम करायला इंडियातून आणलेल्या. पासपोर्ट काढून घेतलेले, एकटीने बाहेर जायचं नाही, सुट्टी नाही. त्यांचे फेसेस दाखवता येत नाहीत."

"मग ब्लर करून टाक. तासाभराचं काम."

"तेच नको ना! ब्लर केलं की त्या गुन्हेगार दिसतात. त्यांना रडताना, हसताना लोकांनी बघायला पाहिजे. मला दुसऱ्या बायकांचे फेसेस त्यांच्यावर लावायचेत. पाच व्हॉलंटिअर्स मिळाल्यात, त्यांनी परमिशन दिलीये. फिल्मच्या सुरुवातीलाच आपण सांगणार, की चेहरे बदललेत."

सॉफ्टवेअरने चेहरा बदलणं तोवर नवीन राहिलं नव्हतं. अनिकाने स्वतःच घरी करून बघितलंही होतं. तिने एक शॉट लावला आणि अनिलला हसू आलं. बाई खिडकीशी बसून बोलत होती आणि तिचा चेहरा तिच्याच डोक्यावर तरंगत होता.

"काहीतरी चुकतंय हे कळतं," अनिका म्हणाली, "पण काय ते कळत नाही. ओठ बरोबर हलतात, डोळे बरोबर आहेत. तरी फेक."

अनिलने तिला खुर्ची ओढून बसवलं. "हे बघ. तुझं सॉफ्टवेअर चेहरा एकाच मापाचा करून देतं. पाचशे बारा पिक्सेलचा चौकोन. या क्लोज-अपमध्ये चेहरा हजारभर पिक्सेलचा आहे. म्हणजे पाचशेचा ताणून हजाराचा केला. तो धूसर दिसणारच. केस बघ, एकेक वेगळा दिसतोय, आणि भुवया मात्र कुणी बोटाने पुसल्यासारख्या." त्याने दुसरा शॉट लावला. तीच बाई लांबून पार्किंगमधून चालत येत होती. "इथे चेहरा ऐंशी-नव्वद पिक्सेलचा. पाचशेचा आवळून नव्वदचा केला, तर तो फार धारदार होतो. कॅमेऱ्याचा फोकस त्या अंतरावर मऊ आहे, ती चालतेय म्हणून सगळं थोडं फरफटलंय, पण तुझा चेहरा कात्रीने कापून चिकटवल्यासारखा स्वच्छ. एकाच सिनेमात एकदा धूसर, एकदा धारदार. डोळ्याला हिशेब लागत नाही."

"मग एक शार्पनेस ठरवायचा का सगळीकडे?"

"छे. प्रत्येक शॉटचा वेगळा. चेहऱ्याच्या शेजारी, तितक्याच अंतरावर काय आहे ते बघायचं. कान, केसांची कड, गळ्यातल्या साखळीची कडी. कानाची कड जितकी मऊ, तितकीच गालाची कड मऊ करायची. चालतेय तर चालण्याची फरफट द्यायची. आणि क्लोज-अपला सॉफ्टवेअरला चेहरा मोठ्या मापावर पुन्हा शिकवायचा. नुसतं शार्पन करू नकोस, कडेला पांढरी रेघ उठते."

मग त्याने चित्र मोठं केलं, एवढं की पडद्यावर फक्त मान आणि जबडा राहिला. मानेवर वाळूसारखे रंगीत कण वळवळत होते. जबड्यावर एकही कण नव्हता.

"हा ग्रेन, म्हणजे चित्राचा दाणा. खोलीत उजेड कमी होता, कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली, म्हणून आला. तुझ्या व्हॉलंटिअरला लख्ख उजेडात शूट केलंय, आणि सॉफ्टवेअर तर होता तोही कण पुसून टाकतं. म्हणून मान जिवंत आणि चेहरा मेणाचा. ग्रेन सगळ्यात शेवटी घालायचा. आधी घालून मग मऊ केलंस तर ग्रेनही मऊ होतो. सावलीत जास्त, उजेडात कमी, निळ्या रंगात जाड. आणि दर फ्रेमला नवा. तोच ग्रेन चिकटून राहिला, तर काचेवर धूळ बसल्यासारखी दिसते."

अनिकाने खुर्ची त्याच्याकडे वळवली. "काका, तुम्ही करता का हे? प्लीज?"

तो हो म्हणाला. घरी जेवताना सुमेधाला म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा घाम पुसण्यापेक्षा बरं काम आलंय."

*

पाच बायकांमध्ये एक अमरावतीकडची होती. सिनेमात तिला मालती म्हटलं होतं. इथेही तेच नाव ठेवू. वय पन्नाशीच्या आसपास. अ‍ॅशबर्नमधल्या एका मराठी कुटुंबात सात वर्षं राहिली होती. मुलं सांभाळली, स्वयंपाक केला, आणि एका दुपारी मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून ती घरी परत न जाता चालत सुटली. एका संस्थेने तिला आसरा दिला. अशा छळातून सुटलेल्यांना इथे राहू देणारा एक व्हिसा असतो, त्याचा अर्ज वकिलाने केला होता, तो निकालाची वाट बघत पडला होता. आता ती हर्नडनमध्ये एका डबे देणाऱ्या बाईंच्या स्वयंपाकघरात काम करायची. गावाकडे एक मुलगी, लग्न झालेली. सासरच्यांना सांगितलं होतं, आई अमेरिकेत चांगल्या घरी आहे.

चेहरा लपवायचं मुख्य कारण ती मुलगी होती. मालतीबाईंनी अनिकाला एकच अट घातली होती. "माह्या पोरीच्या घरापर्यंत हे जाऊ नये."

अनिल त्यांना भेटला नव्हता. पण महिनाभर रोज आठ-नऊ तास तो त्यांचा चेहरा बघत होता, कुणी आपल्या माणसाचाही बघत नाही इतक्या जवळून. उजवी भुवई आधी उचलली जाते. 'मुलं' म्हणताना खालचा ओठ थरथरतो. हनुवटीवर गोंदणाचे पाच ठिपके होते, चार चौकोनात आणि पाचवा जरा बाजूला सरकलेला. बहुतेक शॉट थोडे लांबून घेतलेले, त्यात प्रत्येक ठिपका दोन-तीन पिक्सेलचा.

सगळ्या जणींत मालतीबाईंचे शॉट अवघड होते, कारण त्यांची मुलाखत ढगाळ संध्याकाळी घेतली होती. ग्रेन भयंकर. उसना चेहरा पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंचा होता, तो मापाला बसला, कडा जुळल्या, पण ग्रेन जमेना. अनिल मागच्या कोऱ्या भिंतीवरून ग्रेनचं माप घ्यायचा, कण किती जाड, कुठल्या रंगात किती, आणि त्या मापाचा नवा ग्रेन तयार करून चेहऱ्यावर घालायचा. हीच योग्य रीत. पण भिंत एका उजेडात आणि गाल दुसऱ्या. शिवाय कॅमेऱ्याने चित्र आवळून साठवताना कण थोडे चोळामोळा केलेले. नवा ग्रेन फार नीटनेटका दिसायचा.

"स्टिल प्लॅस्टिक आहे, काका," अनिका म्हणाली. एका चित्रपट महोत्सवाला प्रत पाठवायला आठ दिवस उरले होते आणि त्याआधी रविवारी इथल्या लोकांसाठी एक खेळ ठरला होता. "बाकी चौघी परफेक्ट आहेत. हीच फक्त डेड वाटते. आणि हीच फिल्मचं हार्ट आहे."

ते अनिलला लागलं. त्याच्या कामाला कुणी मेलेलं म्हटलं नव्हतं.

दुसरी एक रीत होती. मूळ चित्राची एक प्रत घ्यायची, तिच्यातून ग्रेन पुसायचा आणि मूळ चित्रातून ही पुसलेली प्रत वजा करायची. जे उरतं तो त्याच कॅमेऱ्याचा, त्याच क्षणाचा, त्याच उजेडाचा खरा ग्रेन. तो उचलून नव्या चेहऱ्यावर घालायचा. माप घ्यायला नको, रंग जुळवायला नको. या रितीतला धोका अनिलला चांगला माहीत होता. पुसणं जरा जोरात झालं, तर ग्रेनबरोबर चेहऱ्यावरचं बारीकसारीकही पुसलं जातं, आणि मग वजाबाकीत तेही उरतं. कातडीवरचं जे जे कणाएवढं लहान असेल, ते सगळं ग्रेन म्हणून पलीकडे जातं. म्हणून ही रीत भिंतीवर, रस्त्यावर, आकाशावर वापरावी. ज्याचा चेहरा लपवायचाय त्याच्या चेहऱ्यावर वापरू नये.

हे तो नव्या मुलांना स्वतः शिकवायचा.

त्या बुधवारी त्याने ती वापरली. मालतीबाईंच्या अकरा शॉटना. ग्रेन दाट होता म्हणून पुसण्याचा जोरही वाढवला. एकेक फ्रेम थांबवून, मोठी करून तपासली. थांबलेल्या फ्रेममध्ये वळवळत्या कणांशिवाय काही दिसलं नाही. मग त्याने शॉट चालू केला, आणि खुर्चीत मागे टेकला.

चेहरा जिवंत झाला होता. ग्रंथपाल बाईंचे गाल, त्यांचंच नाक, पण आत कुणीतरी होतं. नीट सांगता येणार नाही असं काहीतरी त्या कातडीखाली हललं होतं. अनिका मागे उभी होती. तिने तोंडावर हात ठेवला.

"ओह माय गॉड, काका. काय केलंत?"

"ग्रेन," अनिल म्हणाला. कुठली रीत वापरली ते सांगितलं नाही. त्याला फार बरं वाटत होतं.

चेहरा आता का जिवंत दिसतोय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. पुढे कित्येक महिने त्याला झोप लागता लागता हेच आठवायचं. एक सेकंद, फक्त एक सेकंद मनात आलं होतं, की ग्रेन तर सगळ्यांना सारखाच असतो, ग्रेनने कुणी जिवंत होत नाही. पण अनिका त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती आणि तो विचार तसाच निघून गेला.

*

रविवारी दुपारी हर्नडनमधल्या एका सार्वजनिक हॉलमध्ये खेळ झाला. शंभरेक माणसं आली. निम्मी मराठी. सुमेधाही होती, तिने अनिलचा हात धरला होता. पडद्यावर मालतीबाईंचं बोलणं सुरू झालं. आवाज एका नटीने पुन्हा दिलेला, गावांची नावं बदललेली. बस निघून गेल्यावर आपण कशा चालत सुटलो, हे त्या सांगत होत्या.

दिवे लागल्यावर लोकांनी बराच वेळ टाळ्या वाजवल्या. अनिकाने स्टेजवरून त्याचं नाव घेतलं. तो अर्धवट उठून, लाजून खाली बसला.

नंतर चहाच्या टेबलाशी तो कप भरत होता. शेजारी दोन बायका उभ्या. एकीने दुसरीला हळूच विचारलं, "तू ओळखलंस?"

"कुणाला?"

"ती शेवटची. मालती म्हणाले ती. अगं, आपल्या दोन गल्ल्या सोडून राहतात ना, त्यांच्याकडची बाई. दोन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाला तिनेच नाही का सगळ्यांना सरबत दिलं? हनुवटीवरचं गोंदण आठवतं? मी विचारलंसुद्धा होतं, हा पाचवा ठिपका असा बाजूला का. तस्संच आहे."

"पण चेहरे तर बदललेत म्हणे."

"चेहरा बदललाय गं. गोंदण तेच आहे. हलत असताना दिसत होतं, अगदी पुसट. मी आधी म्हटलं भास आहे. पण प्रत्येक वेळी तिथेच."

अनिलने कप टेबलावर ठेवला. तो हॉलच्या बाहेर आला आणि गाडी घेऊन सरळ स्टुडिओत गेला. रविवार, सगळं बंद. त्याने पहिला शॉट उघडला. मालतीबाईंचं डोकं हलत होतं, म्हणून आधी चेहरा एका जागी स्थिर करून घेतला. मग सलग चाळीस फ्रेम एकमेकींवर ठेवून त्यांची सरासरी काढली.

ग्रेन दर फ्रेमला वेगळा असतो, म्हणून सरासरीत विरून जातो. जे दर फ्रेमला तिथेच असतं, ते उरतं. पडद्यावर ग्रंथपाल बाईंची स्वच्छ, गोरी हनुवटी आली. तिच्यावर चार ठिपके चौकोनात, आणि पाचवा जरा बाजूला.

थांबलेल्या फ्रेममध्ये ते ठिपके कणांच्या गर्दीत हरवत होते, म्हणून त्याला दिसले नाहीत. पण सिनेमा चालतो तेव्हा माणसाचा डोळाही हेच करतो. फ्रेममागून फ्रेम एकत्र करून बघतो. हॉलमध्ये शंभर माणसांचे डोळे नेमकं तेच करत बसले होते. त्याने अकराच्या अकरा शॉट तपासले. नऊमध्ये ठिपके होते. एकात डाव्या भुवईखालचा जुना व्रणही होता.

त्याने अनिकाला फोन केला.

"काका, कुठे गेलात? लोक विचारतायत तुम्हाला!"

"अनिका, मालतीबाई ओळखू येतायत. माझ्यामुळे." त्याने सगळं सांगितलं. कुठली रीत, का वापरली, काय राहून गेलं.

मग ती इंग्रजीत बोलायला लागली. घाबरली की तिचं मराठी पळून जायचं. "हू सॉ इट? हाउ मेनी?"

"दोघी जणी बोलत होत्या. अजून किती, मला माहीत नाही."

*

महोत्सवाची प्रत अनिकाने थांबवली. अनिलने मालतीबाईंचा प्रत्येक शॉट पुन्हा केला. या वेळी ग्रेन भिंतीवरून, मालतीबाईंच्या बाहीवरून, खुर्चीच्या पाठीवरून, वेगवेगळ्या उजेडातला मापून घेतला. गालाचा उजेड बघून त्याप्रमाणे कमीजास्त केला. कॅमेरा साठवताना कणांचा जो चोळामोळा करतो, तोही शेवटी एकदा करून घेतला, म्हणजे नवा ग्रेन मूळच्यासारखाच मळका झाला. प्रत्येक शॉटची सरासरी काढली. हनुवटी कोरी. सगळं मिळून सहा दिवस लागले. आधीच्या आठ दिवसांतही हे जमलं असतं, हे त्याला काम करता करता कळत होतं.

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. त्या दोघींपैकी एकीने कुणाला सांगितलं, तिने आणखी कुणाला, आणि चौथ्या दिवशी ते मालतीबाईंच्या जुन्या मालकिणीपर्यंत गेलं. त्या मालकिणीचा चुलतभाऊ अमरावतीत होता. तो मालतीबाईंच्या मुलीच्या सासरी जाऊन बसला. तुमच्या विहीणबाई पळून गेल्या, आता सिनेमात आमची बदनामी करतायत, असं बरंच काही सांगून आला. हे मालतीबाईंना मुलीच्या शेवटच्या फोनवर कळलं. त्यानंतर मुलीचा फोन आला नाही.

अनिका म्हणाली, "तुम्ही यायला पाहिजे असं नाही, काका. मी प्रोड्युसर आहे. रिस्पॉन्सिबल मी आहे."

"मी येतो," अनिल म्हणाला.

दुपारचे डबे गेले होते. स्वयंपाकघर धुतलेलं, ओलं. मालतीबाई मेथी निवडत बसल्या होत्या. दारात उभं राहून अनिलने त्यांना पहिल्यांदा समोरासमोर बघितलं, आणि नजर आपोआप त्यांच्या हनुवटीवर गेली. त्याने ती खाली वळवली.

"बसा ना भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमीच का ते, तोंड बदलवणारे?"

"हो. ताई, चूक माझी झाली." तो बसला नाही. उभ्यानेच सांगत गेला. शास्त्र सांगायचं नाही असं ठरवून आला होता, पण शास्त्राशिवाय चूक सांगता येईना. तुमच्या चित्रातले बारीक कण मी उचलले आणि त्यांच्याबरोबर गोंदण आलं, असं काहीतरी बोलला. "मला माहीत होतं असं होऊ शकतं. तरी केलं. चांगलं दिसावं म्हणून केलं."

मालतीबाई मेथीची पानं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले दिसलं होतं."

अनिका दचकली. "काय? कधी?"

"तू दाखवलं नव्हतं का मले, लॅपटॉपवर, लोकाईले दाखवायच्या आधी? तवाच दिसले ठिपके. म्हटलं, तोंड त्या दुसऱ्या बाईचं, पण हे एवढं त्याईनं माहं राहू देलं. मुद्दाम. मले बरं वाटलं." त्यांनी हाताच्या पाठीने हनुवटी पुसली. "म्हून बोलली नाही मी."

अनिका रडायला लागली. मालतीबाईंनीच तिच्या पाठीवर हात फिरवला.

"सांगतलं असतं तं काढलं असतं तुमी?" त्यांनी अनिलला विचारलं.

"त्याच दिवशी काढलं असतं."

"मंग माही बी चूक आहे थोडी."

"नाही, ताई," अनिल म्हणाला. "तुमची नाही. तुम्ही ओळखू येता का, हे बघायचं काम तुमचं नव्हतं. ते माझं होतं."

त्यांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. त्या रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्या फक्त थकलेल्या होत्या. "पोरगी फोन करन का जी?" त्यांनी विचारलं, जणू हेही त्यालाच माहीत असावं.

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्याचं त्यालाही कळलं नाही.

निघण्याआधी अनिकाने दुरुस्त केलेली प्रत दाखवू का विचारलं. त्यांची पुन्हा परवानगी घेणं गरजेचं होतं. आता सगळ्यांना कळलंच आहे तर माझंच तोंड ठेवा, असं मालतीबाई म्हणाल्या. पण व्हिसाचा निकाल लागेपर्यंत वकील ते करू देणार नव्हते, आणि मुलीच्या सासरी आणखी काही जाऊ नये असंही होतंच. मालतीबाईंनी हात पुसले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. चेहरा अगदी बेमालूम बसला होता. मानेवरचा ग्रेन गालावर कधी चढला ते अनिललाही सापडलं नसतं. त्याने आजवर केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

मालतीबाईंनी शेवटपर्यंत पाहिलं. "चांगली बोलते बाई," त्या म्हणाल्या, आणि लॅपटॉप अनिकाच्या हातात दिला.

*

सिनेमा महोत्सवात गेला आणि नंतरही बऱ्याच ठिकाणी दाखवला गेला. तंत्रासाठी अनिलचं नाव एक-दोन जागी छापून आलं. त्याने ती कात्रणं ठेवली नाहीत. सुमेधाने ठेवली होती, ती त्याने एकदा कपाटात पाहिली आणि परत तिथेच ठेवून दिली.

"तू एक चूक केलीस," सुमेधा म्हणाली होती. "नऊ वर्षांत एक. आणि स्वतःच शोधलीस, स्वतःच सांगितलीस. किती जण सांगतात?"

"सापडली कारण चहाच्या टेबलाशी त्या दोघी माझ्या शेजारीच बोलत होत्या," तो म्हणाला. "नाहीतर मी चहाचा कप घेऊन फोटो काढून घ्यायला उभा राहिलो असतो."

स्टुडिओत त्याने एक नियम केला. ज्याची ओळख लपवायची आहे, त्याच्या मूळ चित्रातला एक कणही नव्या चेहऱ्यावर घ्यायचा नाही, आणि प्रत्येक शॉट स्थिर करून, सरासरी काढून दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय बाहेर द्यायचा नाही. नियम चांगला होता. त्यामुळे पुढे आणखी दोन सिनेमांत कुणीतरी वाचलं असेल. नवीन माणसाला तो नियम सांगताना अनिल कारण सांगत असे, नाव न घेता, पण आपली चूक न लपवता. सांगून झाल्यावर थोडा वेळ तो स्क्रीनकडे बघत बसायचा. समोरच्याला वाटायचं, अजून काही सांगायचं राहिलंय.

पुढच्या वर्षी मालतीबाईंना व्हिसा मिळाला. हर्नडनमध्ये त्यांना राहवेना, दुकानात गेलं की कुणी ना कुणी हनुवटीकडे बघायचं. संस्थेच्या ओळखीने त्या ओहायोला गेल्या, एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात. दिवाळीत मुलीचा फोन आला. चार मिनिटं बोलली. तिकडे थंडी पडली का, विचारलं, आणि सासूबाई येतायत म्हणून ठेवला. हे अनिकाने अनिलला सांगितलं. तिला मालतीबाई महिन्या-दोन महिन्यांनी फोन करत.

"फोन आला हे चांगलंच की," अनिका म्हणाली. "इट्स अ स्टार्ट."

"हो," अनिल म्हणाला.

त्याला विचारायचं होतं, मालतीबाई माझ्याबद्दल कधी काही विचारतात का. पण त्यांनी विचारायचं काही कारण नव्हतं, आणि विचारत असतील तर ते ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्याने अनिकाला तिच्या नव्या कामाबद्दल विचारलं. ती बराच वेळ सांगत होती, आणि तो ऐकत होता.